रिमोटमधला 'संपलेला' सेल

रिमोट चालेनासा झाला की आपण त्यातला चपटा सेल काढतो, नवा घालतो आणि जुना टीव्हीशेजारीच ठेवून देतो. संपलाय, त्याचं काय एवढं! रिमोटपुरता तो खरंच संपलेला असतो. पण नव्या लिथियम सेलमध्ये 3 व्होल्टचा दाब असतो, आणि टाकून दिलेल्यातही लहान मुलाची अन्ननलिका जाळण्याइतका दाब बऱ्याचदा शिल्लक राहतो. त्याला सव्वा-एक व्होल्टही पुरतो.

सेल पोटात फुटतो, आतलं रसायन गळतं आणि विषबाधा होते, असा समज आहे. तसं घडण्याआधीच मूळ नुकसान होऊन गेलेलं असतं. अन्ननलिकेत सेल अडकला की तिची ओली भिंत त्याला दोन्ही बाजूंनी चिकटते. मधल्या लाळेतून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला पाण्याचं विघटन होऊन कॉस्टिक सोड्याच्या जातीचा तीव्र अल्कली तयार होतो. हा अल्कली मांस विरघळवत आत शिरतो. पहिल्या 15 मिनिटांत जळायला सुरुवात होते आणि 2 तासांत जखम खोल गेलेली असू शकते. मूल रडत नाही म्हणून सेल शांत बसलाय, असं मुळीच नाही.

आकारानेही घात होतो. रिमोट, गाडीची चावी, वजनकाटा, दिवाळीतल्या प्लॅस्टिकच्या पणत्या यांत सर्रास दिसणाऱ्या सेलवर CR2032 असं छापलेलं असतं. त्यातल्या 20 चा अर्थ 20 मिलिमीटर व्यास, आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. सध्याच्या नव्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणंही 20 मिलिमीटरचंच आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या अन्ननलिकेत एवढी चकती नेमकी अडकून बसते. घड्याळातला छोटा सेल बहुतेकदा घसरून पोटात उतरतो. 20 मिलिमीटरचा उतरेलच, असा भरवसा धरता येत नाही.

आता एक प्रसंग समजून घेऊ. तो रचलेला आहे, पण घरोघरी घडतो तसाच. संगमनेरजवळचं एक गाव. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. सोळा महिन्यांच्या मुलीच्या हातात रिमोट, मागचं झाकण निघालेलं आणि सेल गायब. मुलीने एकदा ठसका दिला, आता तोंडातून लाळ गळते आहे. आजी म्हणते, "अगं, पडेल उद्या शीतून, केळं दे तिला." काका तिला उलटं धरून पाठीत थापटायला निघालेत. आई घशात बोट घालायच्या बेतात आहे.

या तिन्ही गोष्टी टाळायच्या. मूल रडतंय, खोकतंय, श्वास घेतंय, म्हणजे श्वासनलिका मोकळी आहे. अशा वेळी उलटं धरलं किंवा बोट घातलं तर वस्तू भलत्या जागी सरकू शकते. पाठीत थापा मारायच्या त्या मुलाला आवाजच फुटत नसेल, खोकता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तेव्हा. केळं किंवा भात देऊन अडकलेला सेल खाली ढकलला जात नाही. उलट पोट भरतं आणि पुढे भूल देताना उलटी फुप्फुसात जायचा धोका वाढतो. मुद्दाम उलटी काढली तर सेल बाहेर येत नाही, जळलेल्या भिंतीवर ताण मात्र पडतो.

या घरातल्या मंडळींनी काय करावं? एकाने गाडी काढावी, दुसऱ्याने फोन लावावा. फोन नेहमीच्या दवाखान्यात लावून 'आणू का' असं विचारण्यात अर्थ नाही. मोठ्या रुग्णालयात लावून थेट विचारायचं: लहान मुलाच्या अन्ननलिकेतला सेल दुर्बिणीतून काढण्याची सोय आत्ता, रात्री आहे का? भूलतज्ज्ञ आहेत का? या मुलीसाठी बहुधा नाशिक गाठावं लागेल, म्हणजे दीड-एक तासाचा रस्ता. संगमनेरात लगेच एक्स-रे निघत असेल तर काढून त्याचा फोटो पुढे पाठवावा. तिकडची मंडळी शस्त्रक्रियागृह तयार ठेवतात. पण एक्स-रेवाला जेवायला गेला असेल तर त्याची वाट बघत बसायचं नाही. वाहन नसेल तर 108. जुळा सेल किंवा त्याचं पाकीट मिळालं तर बरोबर घ्यावं, कारण त्यावरचा क्रमांक पाहिला की डॉक्टरांना आकार आणि दाब लगेच कळतो.

आणि मध. आजीबाईच्या बटव्यातला उपाय पाश्चात्त्य संशोधनातून परत यावा, हे जरा गमतीचं आहे. फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये डुकराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवलं, की सेल आत असताना वरचेवर मध दिला तर जखम कमी खोल होते. मध घट्ट असतो, सेल आणि भिंत यांच्यामध्ये लेप धरतो. शिवाय किंचित आम्ल असल्याने अल्कलीचा जोर थोडा मोडतो. प्रमाण असं: दर 10 मिनिटांनी 10 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढतात. सेल गिळून 12 तासांहून जास्त वेळ झाला असेल, मुलाला गिळताच येत नसेल किंवा उलटीत रक्त असेल, तरीही मध नको. घरात बाटली असली तर ती गाडीत घ्यावी आणि वाटेत द्यावा. मध आणायला दुकानात थांबलात तर त्याने जेवढं वाचणार, तेवढं तिथेच गमावलंत. मधाशिवाय पाणी, दूध, औषध, काहीही देऊ नये.

हा प्रसंग तरी सोपा, कारण रिमोट उघडा सापडला. बऱ्याचदा मुलाने सेल गिळताना कुणी पाहिलेलंच नसतं. मग लाळ गळते, खोकला येतो, थोडा ताप येतो, आणि 'सर्दी आहे' म्हणून औषध सुरू होतं. एक खूण मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. काल पोळीचा तुकडा आवडीने चावणारं मूल आज घन पदार्थ तोंडातून काढून टाकतं, पातळ मात्र पितं. याच्या जोडीला लाळ आणि छातीकडे हात जात असेल, तर एक्स-रेचं नाव आपणच काढावं. एक्स-रेत सेल नाण्यासारखाच गोल दिसतो. नीट पाहिलं तर त्याच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ दिसतं, आणि बाजूने काढलेल्या फोटोत एका बाजूला पायरी. 'नाणं आहे, सकाळी बघू' हा सल्ला नाण्याला कधीकधी चालतो. सेलला कधीच नाही. नाकात किंवा कानात घातलेल्या सेललाही हीच घाई. तिथे थेंब टाकू नयेत, कारण ओलाव्याने वीज जास्त वाहते.

सेल निघाला म्हणजे सुटलो, असंही नाही. भाजलेली जागा पुढे अनेक दिवस आत आत कुजत जाते. अन्ननलिकेच्या पुढे श्वासनलिका आणि मागच्या बाजूने महारोहिणी जाते, त्यामुळे सेलची ऋण बाजू कुठे तोंड करून होती, हे डॉक्टर मुद्दाम पाहतात. पुढच्या काही आठवड्यांत उलटीत थोडंसं जरी रक्त आलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तरी त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं. मोठ्या रक्तस्रावाआधी कधीकधी एवढीच सूचना मिळते.

लोहचुंबकाचं दुखणं वेगळं, आणि अधिक फसवं. एकच चुंबक पोटात गेला तर तो बहुधा निघून जातो. दोन गेले, किंवा एक चुंबक आणि एक खिळा गेला, की ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंती चिमटीत धरतात. तिथला रक्तपुरवठा तुटतो, भोक पडतं. सुरुवातीला मूल हसत-खेळत असतं, मग पोट दुखतं, उलट्या होतात, आणि घरचे त्याला अपचन समजतात. ताकदवान छोट्या गोळ्यांच्या खेळण्यातली एक जरी गोळी कमी भरली, तरी किती गेल्या हे एक्स-रेनेच ठरू द्यावं, तेही दोन कोनांतून, कारण एकमेकींना चिकटलेल्या दोन गोळ्या एका कोनातून एकच दिसू शकतात. इथे मध उपयोगाचा नाही.

घरातल्या विषांच्या बाबतीत आपल्याकडचा पहिला हात अजूनही मिठाच्या पाण्याकडे जातो. उलटी काढली की विष निघालं, हा समज फार खोल रुजलेला आहे. टॉयलेट साफ करायचं ॲसिड उलटीबरोबर वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतं. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल मुलाने प्यायलं, तर पोटात गेलेल्या घोटापेक्षा उलटीच्या वेळी फुप्फुसात उतरणारे चार थेंब जास्त घातक ठरतात. रॉकेल पातळ असल्याने क्षणात पसरतं. आणि मिठाचं पाणी जास्त झालं तर रक्तातलं मीठ वाढून मुलाला झटके येऊ शकतात, म्हणजे विषावर दुसरं विष. लिंबू, सोडा, कच्चं अंडं, तूप, काहीच नको. तोंडात उरलेलं ओल्या फडक्याने पुसावं, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावं, डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं डोळे धुवावेत. मूल गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर झोपवून न्यावं. बाटली किंवा डबा, किती वाजता प्यायलं आणि मुलाचं वजन, एवढी माहिती बरोबर असली की डॉक्टरांचं निम्मं काम होतं. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर सल्ला देतं. वाटेत असतानाही तिथे फोन लावता येतो.

यात सर्वांत दगा देणारी वस्तू म्हणजे ट्यूबमध्ये मिळणारी उंदीर मारायची पेस्ट. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. मुलाने चाटली की थोडी मळमळ होते किंवा तीही होत नाही, आणि नंतर एक-दोन दिवस मूल ठणठणीत दिसतं. मग डोळे पिवळे होतात, कारण तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. बोटाला लागलेली पेस्ट दिसली, तोंडाला वास आला, तर मूल कितीही खेळत असलं तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं, आणि तिथे 'बरं दिसतंय, घरी जा' असं सांगितलं तर ट्यूब समोर ठेवून विचारायचं: यकृताच्या तपासण्या आज, आणि पुन्हा कधी कधी करायच्या?