कोडची मुदत संपली, पार्सल कुठे आहे?

पार्सल घरी न मागवता लॉकरमध्ये मागवले, की कुरिअरची वाट पाहत घरात अडकून राहण्याची अडचण सुटते. तिच्या जागी मुदतीची अडचण येते. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला हा फरक पहिल्या काही आठवड्यांतच जाणवतो. पेट्रोल पंपावर, सुपरमार्केटच्या दाराशी, स्टेशनच्या बाहेर पोलादी कप्प्यांची कपाटे उभी असतात. ॲमेझॉनने अशी लॉकर २०११ मध्ये लंडनमध्ये आणली. मूळच्या पोलंडच्या इनपोस्ट कंपनीची पिवळी लॉकरही आता तिथल्या बहुतेक शहरांत दिसतात. मोबाइलवर सहा अंकी कोड किंवा क्यूआर कोड येतो, तो लॉकरवर टाकला की एक दार उघडते आणि पार्सल हातात येते. हे काम रात्री अकरालाही होते.

घरपोच पार्सलची चुकामूक झाली, तर सवलत बरीच मोठी असते. रॉयल मेलचा पोस्टमन दारावर येऊन परत गेला, की तो लाल कार्ड टाकून जातो. त्यानंतर पार्सल जवळच्या डेपोत साधारण १८ दिवस राहते. तेवढ्या काळात ओळखपत्र दाखवून ते आणता येते किंवा पुन्हा घरी मागवता येते. लॉकरमध्ये तेच पार्सल जेमतेम तीन दिवस राहते. ॲमेझॉन तीन दिवस देते आणि ब्रिटनमधले इनपोस्ट ७२ तास.

मुदत इतकी कमी का, हे साध्या हिशेबाने कळते. समजा एका लॉकरला साठ कप्पे आहेत. प्रत्येक पार्सल एका दिवसात उचलले गेले, तर ते लॉकर रोज साठ पार्सले घेऊ शकते. प्रत्येक पार्सल तीन दिवस पडून राहिले, तर रोज जेमतेम वीस. डेपोतल्या फळीवर पार्सल आठवडाभर पडून राहिले तरी दुसऱ्या कोणाचे अडत नाही. लॉकरचा कप्पा मात्र अडला, की मागून येणाऱ्या पार्सलला जागा उरत नाही आणि ते भलत्याच लॉकरकडे वळवावे लागते. म्हणून लॉकरची मुदत ताणून मिळणे अवघड असते.

निवड करताना घराची रचना आधी पाहावी. पाच-सहा विद्यार्थी एकत्र राहतात अशा घराच्या दारावर एकच बेल असते, पार्सल कोणीतरी घेते आणि जिन्याखाली ठेवते, मग ते दोन दिवस सापडत नाही. अशा घरासाठी लॉकर नक्कीच चांगला. वस्तू जड किंवा अवजड असेल, तर मात्र घरपोचच बरे. इनपोस्टच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातही ४१ सेंटीमीटर उंच, ३८ सेंटीमीटर रुंद आणि ६४ सेंटीमीटर लांब एवढेच पार्सल बसते. शिवाय जे पार्सल कप्प्यात बसते, ते सगळे पाठीवर घेऊन बसने आणता येईलच असे नाही. तिसरा पर्याय म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले पिकअप पॉइंट. दुकान बंद असताना त्याचा उपयोग नाही, पण तिथे माणूस असतो. कोड चालला नाही, तर तो नाव आणि ओळखपत्र पाहून मागच्या खोलीत पार्सल शोधू शकतो. लॉकरपाशी विचारायला कोणी नसते. एकट्या नवख्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

कोड येतो कुठून, हे समजले की पुढचे बरेचसे सोपे होते. कुरिअर लॉकरसमोर पार्सल स्कॅन करतो, त्या मापाचा कप्पा उघडतो, तो पार्सल ठेवून दार लावतो. दार लागल्याची नोंद कंपनीकडे गेली, की त्या एका पार्सलसाठी, त्या एका लॉकरसाठी कोड तयार होतो आणि ग्राहकाला संदेश जातो. घड्याळ त्या क्षणी सुरू होते. संदेश कधी वाचला याच्याशी त्याचा संबंध नसतो. ईमेल स्पॅममध्ये पडला किंवा ऑर्डर देताना भारतातला जुना मोबाइल नंबर तसाच राहिला, तर ७२ तासांतला एखादा दिवस नकळत निघून जातो. जुना नंबर राहून जाण्याची चूक नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांकडून सहज होते, कारण दुकानाच्या खात्यात तो आधीपासून भरलेला असतो.

लॉकरने कोड नाकारला म्हणजे मुदत संपलीच, असेही नाही. एकाच पंपावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची लॉकर शेजारी शेजारी असू शकतात. एकाच दुकानाकडून दोन पार्सले आली असतील, तर दोघांचे कोड वेगळे असतात. पहिले लॉकर भरलेले असल्यामुळे पार्सल दुसऱ्या रस्त्यावरच्या लॉकरमध्ये ठेवलेले असते आणि संदेशातला नवा पत्ता नजरेतून सुटतो. म्हणून कोड पुन्हा पुन्हा मारत न राहता संदेशातले लॉकरचे नाव आणि समोरच्या लॉकरवर लिहिलेले नाव आधी जुळवून पाहावे. कोड स्वीकारला गेला पण दार अडकले, तर प्रसंग जास्त नाजूक असतो. लॉकरच्या नोंदीत पार्सल दिले गेले असे उमटू शकते. तेव्हा जागेवरून हलू नये. बंद दाराचा आणि लॉकरच्या नावाचा फोटो काढावा आणि तिथूनच कंपनीच्या मदत क्रमांकावर किंवा ॲपवरून तक्रार नोंदवावी. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

आता मुदत खरोखर संपल्याचा प्रसंग. कॉव्हेंट्रीत राहणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने थंडीचे जॅकेट मागवले, असे धरू. पार्सल गुरुवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी पंपावरच्या लॉकरमध्ये ठेवले गेले. ७२ तास रविवारी ११ वाजून ४० मिनिटांनी संपतात. शुक्रवारी दुपारी ती मैत्रिणीकडे लंडनला गेली आणि रविवारी रात्री नऊला परतताना पंपावर थांबली. कोड नाकारला गेला. तिला वाटले, जॅकेट गेले.

खरे तर त्या क्षणी जॅकेट बहुधा तिच्यापासून दोन हातांवरच होते. मुदत संपल्यावर कोड आपोआप रद्द होतो, पण पार्सल आपोआप कुठे जात नाही. ते काढायला कुरिअरला पुढच्या फेरीत यावे लागते. म्हणजे कोड मरणे आणि पार्सल हलणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये काही तास, कधी एखादा दिवस मोकळा असतो. जे काही वाचवायचे ते याच वेळात वाचवता येते. तिने तिथेच ट्रॅकिंग उघडून शेवटची नोंद पाहायची. नोंद गुरुवारचीच, लॉकरमध्ये ठेवल्याची असेल, तर पार्सल अजून आत आहे. लगेच लॉकर कंपनीला ट्रॅकिंग क्रमांक, लॉकरचे नाव आणि मुदत कधी संपली ती वेळ कळवून नवा कोड मागायचा. तो मिळेलच अशी हमी नसते, पण मागण्याची हीच वेळ असते. सोमवारी दुपारपर्यंत थांबले, तर फेरी होऊन गेलेली असते.

यापेक्षा सोपी वाट शुक्रवारी उपलब्ध होती. कोड चालवायला ओळखपत्र लागत नाही. घरातल्या विश्वासाच्या माणसाला कोड पाठवला असता, तर त्याने जाता-येता पार्सल आणले असते. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये मुदत वाढवण्याची सोयही असते, पण ती मुदत चालू असेपर्यंतच वापरता येते.

ट्रॅकिंगमध्ये पार्सल लॉकरमधून काढल्याची किंवा परतीला लागल्याची नोंद दिसली, की लॉकर कंपनीशी वाद घालण्यात अर्थ उरत नाही. पार्सल आता पाठवणाऱ्याच्या नावाने निघालेले असते आणि कंपनी त्याच्याच सूचना ऐकते. बोलायचे ते दुकानाशी. तिथे एकच स्पष्ट गोष्ट लेखी मागावी: माल परत आल्यावर पुन्हा पाठवा, किंवा पैसे परत करा. पुन्हा पाठवायचे असेल, तर डिलिव्हरीचा खर्च कोण देणार हे त्याच ईमेलमध्ये विचारावे.

इथे ब्रिटनचा कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल प्रत्यक्ष ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत त्याची जोखीम विक्रेत्याची असते. परतीच्या वाटेवर जॅकेट हरवले, तरी तो तोटा तिच्या माथी मारता येत नाही. ऑनलाइन घेतलेला बहुतेक माल हाती आल्यापासून १४ दिवसांपर्यंत कारण न देता ऑर्डर रद्द करण्याचा हक्क २०१३ च्या नियमांनी दिला आहे, आणि माल हाती आलाच नसेल तर तो हक्क अर्थातच शाबूत असतो. मात्र नुसते पार्सल न उचलणे म्हणजे ऑर्डर रद्द करणे नव्हे. रद्द करत असल्याचे विक्रेत्याला स्पष्ट शब्दांत कळवावे लागते. अनेक जण लॉकरमधून पार्सल परत गेले, आता पैसे येतीलच, असे समजून गप्प बसतात. मोठी दुकाने तसे करतातही. ॲमेझॉन न उचललेले पार्सल परत आल्यावर पैसे देते. छोट्या विक्रेत्याकडे मात्र माल टेबलावर येऊन पडतो आणि पुढे काय करायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दोन ओळींचा ईमेल गेला, तर माल परत मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे परत करणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. जुने कपडे किंवा पुस्तके एखाद्या खासगी व्यक्तीकडून घेतली असतील, तर हा १४ दिवसांचा हक्क लागू नाही. तिथे ज्या वेबसाइटवरून व्यवहार झाला तिचे नियम लगेच वाचावे लागतात.

कोड संपल्याच्या धांदलीत आणखी एक धोका असतो. ‘तुमचे पार्सल अडकले आहे, पुन्हा पाठवण्यासाठी थोडेसे शुल्क भरा’ असे संदेश ब्रिटनमध्ये सर्रास फिरतात आणि त्यातली लिंक कार्डाचा तपशील चोरते. एरवी असा संदेश कोणी दुर्लक्षित केला असता. पण ज्याचे पार्सल खरोखरच कालच परत गेले आहे, त्याला तो खरा वाटतो. चुकलेले पार्सल पुन्हा घरी आणून देण्यासाठी रॉयल मेल पैसे घेत नाही. भारतात घरपोच पार्सल घेताना दाराशी आलेल्या माणसाला ओटीपी सांगण्याची सवय आपल्याला असते, म्हणून फोनवर कोणी लॉकरचा कोड विचारला तर तो पटकन तोंडून निघून जातो. लॉकरचा कोड आपण स्वतः टाकायचा असतो, कुरिअरला किंवा मदत केंद्राला त्याची गरज पडत नाही. पार्सलचा खरा ठावठिकाणा पाहायचा, तर संदेशातली लिंक बाजूला ठेवून ऑर्डरच्या मूळ ईमेलमधला ट्रॅकिंग क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर स्वतःच्या हाताने टाकावा.