आज, या आठवड्यात, सवडीने

कराडसारख्या गावात एसटी स्टँडजवळ एक झेरॉक्स-डीटीपीचे दुकान आहे असे समजू. तीन संगणक. एकावर टॅली आणि जीएसटीची कामे, दुसऱ्यावर लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइन, तिसरा जुनाट, फक्त प्रिंटर जोडण्यापुरता. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येते, ईमेल करते, नाहीतर ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय, बघा’ म्हणते. फोटो जास्त असले की कोणीतरी सगळे एकत्र दाबून एकच आरएआर फाइल पाठवते. दुकानदार ती विनरारमध्ये उघडतो, फोटो बाहेर काढतो आणि कामाला लागतो.

अशा दुकानदारासमोर एक दिवस कोणीतरी सायबर सुरक्षेचे सल्लापत्र ठेवते. हिशेब बघणारा भाचा असेल, नाहीतर संगणक दुरुस्त करणारा मुलगा. पत्र विनरारबद्दलचे आहे. त्यात CVE-2025-8088 असा क्रमांक, ‘पाथ ट्रॅव्हर्सल’ असे नाव, 10 पैकी 8.4 असा आकडा, बाधित आवृत्त्यांची यादी आणि शेवटी चिन्हांकांच्या लांबलचक ओळी असतात. दुकानदार पहिल्या परिच्छेदावरून नजर फिरवतो आणि विचारतो, “यात मी काय करायचं?” हा प्रश्न अगदी रास्त आहे. सल्लापत्र मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागासाठी लिहिलेले असते, त्यामुळे त्याचे उत्तर त्यात असले तरी दुकानाच्या भाषेत नसते. ते काढायचे तर पत्राला तीनच गोष्टी विचाराव्या लागतात: धोका नेमका कसा घडतो, आपल्याकडे तो आहे की नाही हे कसे पाहायचे, आणि घाई किती.

आधी धोका. जुलै 2025 मध्ये स्लोव्हाकियातल्या ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना काही विचित्र आरएआर फाइली सापडल्या. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याचा बायोडेटा असावा अशा थाटात त्या युरोप आणि कॅनडातल्या कंपन्यांना ईमेलने पाठवल्या होत्या. उघडून पाहिले की आत एकच निरुपद्रवी कागद दिसे. पण विंडोजमध्ये एका फाइलला न दिसणारे जोडखिसे असू शकतात, आणि या कागदाच्या जोडखिशांत आणखी फाइली दडवलेल्या होत्या. शिवाय प्रत्येकीवर ‘मला कुठे ठेवायचे’ याचा पत्ता लिहिलेला होता. फाइली बाहेर काढताना त्या दुकानदाराने निवडलेल्या फोल्डरमध्येच जायला हव्यात. विनरारच्या जुन्या आवृत्त्या मात्र तो लिहिलेला पत्ता पाळत आणि फाइल भलत्याच जागी नेऊन टाकत. घरी आलेल्या पार्सलने आपणहून कपाट उघडून आत जाऊन बसावे, तसा प्रकार.

भलती जागा म्हणजे बहुधा विंडोजचे स्टार्टअप फोल्डर. संगणक सुरू करून लॉगिन केले की या फोल्डरमधल्या गोष्टी आपोआप चालू होतात. म्हणून फाइल उघडली त्या क्षणी काहीच घडत नाही. बायोडेटा दिसतो, किंवा फोटो दिसतात, काम होते, दुकान बंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जाते, संगणक चालू होतो, आणि त्याच वेळी पाहुणाही जागा होतो. संगणकावर दुरून ताबा मिळवण्याची वाट त्याने उघडलेली असते. कालच्या गिऱ्हाइकाची फाइल आणि आजचा बिघाड यांचा संबंध कोणाच्या डोक्यातही येत नाही.

इथे सल्लापत्राचा एक मोठा भाग दुकानदाराने सरळ सोडून द्यावा. हल्लेखोर टोळीचे नाव रॉमकॉम होते, ती कोणत्या देशाच्या बाजूची मानली जाते, तिने कोणते सर्व्हर वापरले, हे सगळे मोठ्या बँकेच्या सुरक्षा विभागाच्या कामाचे आहे. शेवटच्या चिन्हांकांच्या ओळी म्हणजे सापडलेल्या फाइलींचे अंगठ्याचे ठसे. ते जुळवून बघायला दुकानात ना साधन असते ना वेळ, आणि पुढच्या फाइलीचा ठसा तसाही वेगळाच असणार.

सोडू नये असे वाक्य मात्र एक आहे. बहुतेक वेळा ते मधेच कुठेतरी दडलेले असते: या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू आहे. घाईचा निकाल 8.4 या आकड्यापेक्षा हे वाक्य जास्त लावते. आकडा सांगतो, घाव बसला तर तो किती खोल जाईल. कोणी कोयता उगारला आहे की नाही, हे आकड्यातून कळत नाही. 9 गुणांचा एखादा दोष असा असतो की तो कोणी वापरलेलाच नसतो आणि तो ज्या यंत्रात आहे ते दुकानात नसतेच. तो कागद बाजूला ठेवता येतो. विनरारच्या बाबतीत दुरुस्ती यायच्या आधीच हल्ले चालू होते. 12 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने हा दोष ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या’ दोषांच्या यादीत घातला आणि आपल्या केंद्रीय कार्यालयांना 2 सप्टेंबरपर्यंत म्हणजे तीन आठवड्यांची मुदत दिली. पुढे ही युक्ती हेरांपुरती राहिली नाही, पैशांसाठी चोरी करणाऱ्यांनीही उचलली.

मग दुकानालाही तीन आठवडे आहेत का? इथे नियम एकच: अनोळखी माणसाची फाइल तुमच्या संगणकावर किती वेळा उघडते? किराणा दुकानाच्या काउंटरवरच्या ज्या संगणकावर फक्त बिले होतात, तिथे विनरार असूनही धोका थोडा. तिथले काम या आठवड्यात केले तरी चालेल. आपल्या डीटीपीवाल्याचा मात्र धंदाच अनोळखी फाइली उघडण्याचा. त्याच्यासाठी तेच पत्र ‘आज, पुढची फाइल उघडण्याआधी’ असे वाचले पाहिजे.

तपासणी दोन मिनिटांची आहे. विनरार उघडायचे, वरच्या मेनूतल्या Help वर जाऊन About WinRAR निवडायचे. समोर आवृत्तीचा आकडा येतो. 7.13 किंवा त्यापुढचा असेल तर हा दोष बंद झालेला आहे. 7.12 किंवा खालचा असेल तर नाही. 7.13 ही आवृत्ती 30 जुलै 2025 ला आली, पण विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. गंमत अशी की 40 दिवसांची चाचणी-मुदत संपली की हेच विनरार वर्षानुवर्षे ‘विकत घ्या’ची खिडकी इमानेइतबारे दाखवते, नवी आवृत्ती आपली आपणच आणावी लागते. ती rarlab.com किंवा win-rar.com इथूनच उतरवून जुन्यावरच बसवायची. ‘फुल व्हर्जन’ वाटणाऱ्या तिसऱ्याच साइटवरून उतरवली, तर रोग बरा करताना दुसरा घरात आणल्यासारखे होईल. मोबाइलमधल्या विनरारला हा दोष लागू नाही. तो विंडोजपुरताच आहे.

तिन्ही संगणकांवर बघायचे, आणि इथेच चूक होते. डिझाइनचा संगणक सगळ्यांना आठवतो. प्रिंटरच्या जुनाट डब्यावर पाच वर्षांपूर्वी कोणीतरी विनरार 5 टाकून ठेवलेले असते आणि गर्दीच्या वेळी पेनड्राइव्ह नेमका त्यालाच लागतो. ज्या संगणकावर विनरारची गरजच नाही तिथून ते काढून टाकणे हा सर्वात स्वस्त उपाय. विंडोज 11 ची अद्ययावत प्रत साध्या आरएआर फाइली स्वतःच उघडते, पासवर्ड घातलेल्या तेवढ्या उघडत नाही.

आता दुसरी तपासणी, जी सल्लापत्रात असली तरी दुकानदारापर्यंत सहसा पोचत नाही. नवी आवृत्ती दार बंद करते, आधीच आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. म्हणून स्टार्टअप फोल्डर एकदा डोळ्यांखालून घालायचे. कीबोर्डवर विंडोजचे बटण आणि R एकत्र दाबले की छोटी चौकट येते. तिच्यात हे लिहून एंटर करायचे:

```
shell:startup
```

आणि मग त्याच चौकटीत हे:

```
shell:common startup
```

बऱ्याच दुकानांत ही दोन्ही फोल्डरे रिकामी असतात, किंवा त्यांत स्वतः बसवलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट असतो. ईसेटने पाहिलेल्या हल्ल्यांत इथे Updater आणि Display Settings अशी साळसूद नावे होती. विंडोज शॉर्टकटचे .lnk हे शेपूट दाखवत नाही, म्हणून नावावर विसंबू नये. शॉर्टकटवर उजवे क्लिक करून Properties मध्ये Target पाहावे आणि Date modified कोणत्या दिवसाचा आहे तेही पाहावे. Target मध्ये Temp किंवा AppData असा रस्ता दिसला आणि तो कोणत्या प्रोग्रॅमचा हे कोणालाच सांगता आले नाही, तर संशय घ्यायला जागा आहे. AppData मध्ये काही चांगले प्रोग्रॅमही राहतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही, आणि फोल्डर रिकामे असणे हाही पक्का दाखला नव्हे. लपायला इतर जागा आहेत.

संशयास्पद काही सापडले तर घाईचा क्रम बदलतो. त्या संगणकाचे इंटरनेट लगेच तोडायचे, वायर काढून किंवा वायफाय बंद करून. ती फाइल डिलीट करायचा मोह आवरायचा, कारण काय घडले हे तपासणाऱ्याला तिचाच आधार असतो. मोबाइलने पडद्याचा फोटो घ्यावा. त्या संगणकावरून वापरलेले बँकेचे, ईमेलचे आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलायचे. त्याच संगणकावरून बदलले तर नवे पासवर्डही ऐकणाऱ्याच्या कानावर जातात. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 ला फोन, आणि cybercrime.gov.in वर तक्रार.

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात ‘बॅकअप ठेवा, कार्यप्रणाली अद्ययावत ठेवा’ अशा ओळी असतात. त्या आठवड्याभराच्या आणि महिन्याभराच्या कामांत घालाव्यात, पण फेकून देऊ नयेत. टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवणे हे या आठवड्याचे. कायम जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून कुचकामी, कारण खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम तिच्यावरही हात मारतो. प्रिंटरच्या संगणकावर विंडोज 10 असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला आहे. तो संगणक बदलणे किंवा निदान इंटरनेटपासून दूर ठेवणे हे सवडीचे काम, कारण त्याला पैसे लागतात आणि दिवाळीच्या तोंडावर ते निघत नाहीत.

इतके झाल्यावर चार पानी पत्राचे जे उरते ते बिलाच्या पाठीमागे मावते. आज: तिन्ही संगणकांवर विनरारचा आकडा, 7.13 च्या खाली असेल तर नवी प्रत, मग स्टार्टअप फोल्डर. या आठवड्यात: टॅलीचा बॅकअप आणि डिस्क कपाटात. सवडीने: जुना संगणक. पुढचे पत्र आले की त्यातही आधी हेच शोधावे: यातला प्रोग्रॅम आपल्या दुकानात आहे का, आणि गैरवापर चालू असल्याचे वाक्य आहे का. आणि आजच्या कामाला बसताना घरचा लॅपटॉपही काढा. रात्री राहिलेली पत्रिका त्याच्यावरच पुरी होते, आणि त्यावरचे विनरार दुकानातल्यापेक्षा जुने निघते.