‘पीएफचं बघून घ्या’ म्हणजे नेमकं कुणी?

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सोमवारी अकाउंट्स विभागात नवी मुलगी रुजू होणार आहे, असं धरू. कागदपत्रांची यादी नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर आहे. एचआरचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर, आयटीची सूचना मेलमध्ये, आणि साहेब फोनवर म्हणाले, ‘जीएसटीचं आमच्या सीनिअर मॅडमकडून समजून घे.’ यातलं काहीच चूक नाही. फक्त आधी काय आणि नंतर काय, हे कुणीच सांगितलेलं नाही.

दिवसवार यादी करायची तर या सूचना आधी फोडाव्या लागतात. ‘पीएफचं बघून घ्या’ या एका ओळीत तीन माणसांची तीन कामं असतात. मुलीने जुना यूएएन देऊन फॉर्म ११ भरायचा, एचआरने नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडायची, मग पगार करणाऱ्याने पोर्टलवर नोंद करायची. आधारवर आडनाव माहेरचं आणि पॅनवर सासरचं निघालं, तर गाडी तिथेच अडते आणि दुरुस्तीला वेळ लागतो. म्हणून ही ताडणी मंगळवारीच उरकावी. शुक्रवारी हे कळून उपयोग नाही.

मग कशावाचून काय अडतं ते पाहायचं. आपल्या कारखान्यात एम्प्लॉयी कोडशिवाय हजेरीच्या यंत्रावर बोट नोंदवता येत नाही, ईमेलही निघत नाही. आणि ईमेल नसेल तर टॅलीचं लॉगिन नाही. तेव्हा कोड आदल्या शुक्रवारीच तयार हवा. पहिल्या आठवड्याची यादी सोमवारपासून सुरू करणं हीच बहुतेक यादीकर्त्यांची चूक असते. तसंच पगाराची माहिती २५ तारखेला बंद होत असेल आणि मुलगी २३ला येणार असेल, तर बँकेचा तपशील पहिल्याच दिवशी घ्यायचा. जीएसटीची शिकवणी बुधवारनंतर, टॅली हातात आल्यावर. साहेबांनी ती सगळ्यात आधी सांगितली म्हणून ती आधी येत नाही.

जबाबदारीच्या रकान्यात ‘आयटी’ लिहिणं म्हणजे तो रकाना रिकामा सोडणं. तिथे एका माणसाचं नाव हवं, आणि तो रजेवर असला तर कोण, तेही. काम झालं हे कसं ओळखायचं, तेही शेजारी लिहावं. ‘लॉगिन दिलं’ एवढ्यावर खूण करू नये. मुलीने स्वतः टॅली उघडून एक जुनं व्हाउचर पाहिलं, की करावी. पासवर्ड चालत नाही किंवा परवानगी चुकीच्या कंपनीची दिली आहे, हे तेव्हाच उघडं पडतं.

आणि ज्यांची नावं यादीत घातली आहेत, त्यांना एकदा विचारून घ्या. आपलं नाव बुधवारपुढे लिहिलं आहे, हे त्या सीनिअर मॅडमना बुधवारी सकाळी कळू नये.