बैठकीत ऐकू कमी येत असेल तर मालकाकडे काय मागावे?

कारखाना असो की कचेरी, आज बहुतेक निर्णय बैठकीत होतात. माल केव्हा पाठवायचा, कोणत्या गिऱ्हाईकाला किती सूट द्यायची, कोणावर कोणती जबाबदारी सोपवायची, हे तेथेच ठरते. ज्या नोकरदाराला थोडे कमी ऐकू येते त्याची खरी अडचण येथेच होते. समोरासमोर बसून दोघे बोलत असतील तर त्याला सर्व समजते. मात्र दहा जणांच्या बैठकीतून तो अर्धे ऐकून बाहेर पडतो. ठरले एक आणि केले दुसरे, असे दोन-तीन वेळा घडले की 'कामात लक्ष नाही' असा शेरा पडतो. अशा नोकरदाराने सोयीची मागणी कशी करावी, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम अडचण नेमकी काय आहे ते समजून घेऊ, कारण ती साहेबांनाही समजावून सांगावी लागणार आहे. वयामुळे किंवा यंत्रांच्या गोंगाटामुळे श्रवणशक्ती कमी झाली तर बहुधा बारीक, उंच स्वर आधी जातात. स, श, त, ठ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख या स्वरांवर बरीच अवलंबून असते. त्यामुळे अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' आणि 'साठ' यांत त्याला केवळ 'आ' स्पष्ट येतो. सात पेट्या की साठ पेट्या, हा फरक स्टोअरमध्ये काम करणाऱ्यासाठी लहान नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. साधारण बोलण्याचा आवाज एक मीटरवर सुमारे 60 डेसिबल असतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत तो सुमारे 6 डेसिबलने घटतो. म्हणजे दोन मीटरवर 54 आणि चार मीटरवर 48. खोलीत एअर कंडिशनर किंवा पंख्याचा 45 डेसिबलचा गोंगाट असेल तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडील बोलणे त्या गोंगाटातून जेमतेम वर येते. निरोगी कान तेवढ्यावर भागवतो. कमी ऐकू येणाऱ्याला मात्र बोलणे गोंगाटापेक्षा बरेच वर असावे लागते. कानाचे मशीन ही तफावत पूर्ण भरून काढत नाही, कारण ते दूरच्या बोलण्याबरोबर जवळचा गोंगाटही मोठा करते. 'मशीन लावले आहे ना, मग काय अडचण?' या प्रश्नाला हेच उत्तर द्यावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका खाजगी कारखान्यात एक गृहस्थ स्टोअर विभाग सांभाळतात. कारखान्यात दीडशे माणसे आहेत. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण तपासणीचा आलेख, उजव्या कानात 45 व डाव्या कानात 55 डेसिबलची घट दाखवतो. दोन्ही कानांना मशीन आहे. दर सोमवारी दहा जणांची उत्पादन बैठक लांब टेबलाभोवती होते आणि साहेब एका टोकाला बसतात.

या गृहस्थांनी 'मला नीट ऐकू येत नाही, काहीतरी करा' एवढेच म्हटले तर त्यातून काही निष्पन्न होणार नाही. साहेबांना सहानुभूती असेल, पण करायचे काय ते त्यांना कळणार नाही. बहुधा ते मोठ्याने बोलू लागतील. ओरडण्याने शब्दाचे स्वर फुगतात आणि व्यंजने दबलेलीच राहतात. शिवाय अशा कानाला मोठा आवाज सहनही होत नाही. म्हणून मागणी मोजक्या शब्दांत आणि करता येण्याजोगी असावी. आमच्या मते या उदाहरणात चार गोष्टी मागणे पुरेसे आहे.

पहिली, बसण्याची ठरलेली जागा. टेबलाच्या लांब बाजूस मधोमध बसल्यास कोणताही वक्ता फार दूर राहत नाही. बाजू अशी निवडावी की साहेब उजव्या, म्हणजे बऱ्या कानाकडे येतील. शक्य असेल तर खिडकी पाठीमागे असावी, म्हणजे बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो आणि ओठांची हालचाल दिसते. जागा एअर कंडिशनरच्या खाली नसावी.

दुसरी, एका वेळी एकाने बोलणे. दोघे एकदम बोलू लागले की कमी ऐकू येणाऱ्याच्या हाती दोघांपैकी कोणीच लागत नाही. बोलण्यापूर्वी हात वर केला तर त्याला कोणाकडे पाहायचे ते कळते. हा नियम चालवण्याचे काम साहेबांकडेच असावे. त्या गृहस्थांनीच दर वेळी टोकायचे म्हटले तर दोन आठवड्यांत तेही गप्प बसतील.

तिसरी, लेखी आधार. बैठकीचे विषय आदल्या दिवशी कागदावर मिळावेत आणि ठरलेले आकडे, तारखा व नावे बैठकीतच फळ्यावर लिहिली जावीत. विषय आधी माहीत असला तर अर्धवट ऐकलेला शब्दही संदर्भाने लागतो.

चौथी, दूरचा मायक्रोफोन. हा लहानसा माइक बोलणाऱ्याच्या छातीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर लावतात आणि त्यातील आवाज थेट कानाच्या मशीनमध्ये पोहोचतो. त्यामुळे चार मीटरचे अंतर वीतभर होते. येथे दोन सावधगिऱ्या आहेत. माइक त्या मशीनच्या मॉडेलला जुळणारा हवा, म्हणून खरेदीपूर्वी ऑडिओलॉजिस्टकडून मॉडेलचे नाव लिहून घ्यावे आणि काही दिवस वापरून पाहण्यास मागावा. शिवाय एकाच्या छातीवरचा माइक इतर नऊ जणांचे बोलणे नीट पकडत नाही; चर्चेच्या बैठकीसाठी टेबलावर ठेवायचा माइक घ्यावा किंवा माइक हातोहात फिरवावा. पहिल्या तीन गोष्टींना जवळजवळ खर्च नाही, चौथीला आहे. म्हणून ती शेवटी मागावी.

बैठक संगणकाच्या पडद्यावर असेल तर बोलणाऱ्याचा कॅमेरा चालू ठेवण्याची आणि बोलणे पडद्यावर लिहून येण्याची सोय सुरू करण्याची विनंती करावी. मराठी, हिंदी व इंग्रजी एकत्र बोलले जाते तेथे ही अक्षरे चुकतात, विशेषतः नावे आणि आकडे. म्हणून त्यांवर विसंबून ऑर्डर लिहू नये.

अर्ज लेखी द्यावा, पण आधी साहेबांची स्वतंत्र भेट घेऊन बोलावे. भर बैठकीत हा विषय काढल्यास तो तक्रारीसारखा वाटतो. अर्जाचा मजकूर असा असावा:

'महोदय, मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते व मी मशीन वापरतो. समोरासमोरच्या बोलण्यात अडचण येत नाही. सोमवारच्या बैठकीत मात्र दूरचे बोलणे व आकडे नीट कळत नाहीत. काम अचूक व्हावे म्हणून पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती: (1) टेबलाच्या मध्यभागी ठरलेली जागा, (2) एका वेळी एकाने बोलणे, (3) आदल्या दिवशी विषयांची यादी व बैठकीत आकडे फळ्यावर, (4) माझ्या मशीनला जुळणारा माइक. प्रथम चार बैठकांत हे करून पाहावे व त्यानंतर आपण सांगाल त्या दिवशी मी पुन्हा भेटेन. तपासणीचा अहवाल पाहावयाचा असल्यास दाखवीन. आपला विश्वासू.'

या अर्जात आजाराचा इतिहास नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मालकाला जेवढे करावयाचे आहे तेवढेच त्याला सांगावे. अर्जाची पोच मात्र तारखेसह घ्यावी. 'चार बैठका' ही मुदत मुद्दाम घातली आहे. कायमची सोय देण्यापेक्षा करून पाहण्यास होकार देणे साहेबांना सोपे जाते.

सोय उपयोगी पडते की नाही हे कसे ओळखावे? 'आता बरे वाटते' हा पुरावा नव्हे. प्रत्येक बैठकीनंतर आपण काय ऐकले ते पाच ओळींत लिहून काढावे आणि बैठकीच्या इतिवृत्ताशी किंवा सहकाऱ्याच्या टिपणाशी ताडून पाहावे. चुका कोठे होतात, टेबलाच्या कोणत्या टोकाकडून की आकड्यांत, ते चार आठवड्यांत दिसते आणि पुढची मागणी त्यानुसार बदलता येते. एक सवय सोडावी लागेल, ती म्हणजे न ऐकताच मान डोलावण्याची. 'काय म्हणालात?' असे विचारण्याऐवजी 'पेट्या सात की साठ?' असे विचारावे. असा प्रश्न वेळ वाचवतो आणि चूकही टाळतो.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची घट असेल तर 'ऐकू कमी येणारी व्यक्ती' आणि 70 डेसिबलची असेल तर 'कर्णबधिर' मानतात. आपल्या उदाहरणातील गृहस्थ या मापात बसत नाहीत, म्हणून आरक्षण किंवा प्रमाणपत्राचे लाभ त्यांना मिळणे कठीण आहे. परंतु कामातील सोय ही वेगळी बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात 2021 मध्ये स्पष्ट केले की वाजवी सोय मिळण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही.

सरकारी आस्थापनेने वाजवी सोय द्यावी असे याच कायद्याचे कलम 20 थेट सांगते आणि कलम 23 प्रमाणे तेथे तक्रार निवारण अधिकारी असतो. खाजगी आस्थापनेला कलम 20 मधील ती तरतूद लागू नाही. मात्र कलम 21 प्रमाणे तिनेही समान संधी धोरण जाहीर केले पाहिजे, आणि 2017 च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात कामासाठीच्या सोयी, सहायक साधने व संपर्क अधिकारी यांची तरतूद हवी. म्हणून दीडशे माणसांच्या कारखान्यात 'आपले समान संधी धोरण पाहण्यास मिळेल का?' असे विचारणे रास्त आहे. नकारच मिळाला तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. आयुक्त चौकशी करून शिफारस करतात. ती न्यायालयाच्या हुकुमासारखी नसते. तेथे पोच घेतलेला अर्ज आणि ताडून पाहिलेली टिपणे हीच कागदपत्रे कामी येतात.

तरीही पहिल्या भेटीत कायद्याचे कलम पुढे करू नये, असे आम्ही सुचवू. चुकीच्या संख्येने गेलेला माल परत येतो तेव्हा नुकसान मालकाचेच होते, आणि एक खुर्ची बदलून व आकडे फळ्यावर लिहून ते टळते. भेटीत हाच हिशेब मांडावा आणि कलम अर्जाच्या दुसऱ्या प्रतीसाठी राखून ठेवावे.