आठ मार्चची पार्लरची जाहिरात

मार्च उजाडला की मोबाइलवर गुलाबी चित्रं येऊ लागतात. ‘नारीशक्तीला सलाम! वर्षभर सगळ्यांसाठी राबता, आज तरी स्वतःचे लाड करा. फ्लॅट ५० टक्के सूट*.’ खरी गोष्ट त्या चांदणीत असते. सूट फक्त फेशियल पॅकेजवर, सोमवार ते गुरुवार, अकरा ते चार. म्हणजे नोकरीवर जाणारी बाई आपोआप बाद. १९१० साली कोपनहेगनला क्लारा झेटकिन यांनी महिला दिनाची मागणी मांडली, ती कष्टकरी बायकांच्या परिषदेत. त्या दिवसाच्या नावाने निघालेली सवलत त्यांच्याच कामाच्या वेळेत संपावी, हे जरा अतीच झालं.

मजकुरातला ‘आज तरी’ही खटकतो. स्वतःच्या पैशाने केस कापून घ्यायला बाईला कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हा सलाम, देवी, सुपरवुमन हे सगळं काढून टाका आणि उरतं काय ते पाहा. बहुतेक वेळा फक्त चांदणी उरते.

पार्लरमध्ये बायकांना नेमका त्रास कशाचा होतो, तिथून मजकूर सुरू करावा. बोर्डावर ‘हेअरकट ५०० पासून’ असतं आणि खुर्चीत बसल्यावर कळतं, लांब केसांचे वेगळे, वॉशचे वेगळे. मग आरशात बघत टोमणा येतो, ‘मॅम, टॅन खूप झालंय, डी-टॅन करून टाकू?’ सवलतीत वाचलेले पैसे तिथेच जातात. हे धरून एका मध्यम पार्लरची जाहिरात अशी लिहिता येईल:

‘८ ते ३१ मार्च. वॉश, हेअरकट, ब्लो-ड्राय : ८०० ऐवजी ६०० रुपये, कर धरून. केस कितीही लांब असोत, दर हाच. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं. तुम्ही विचारल्याशिवाय दुसरी कुठलीही सर्व्हिस सुचवणार नाही.’

यात महिला दिनाचा उल्लेखही नाही. तारीख पुरेशी आहे. मात्र शेवटचं वाक्य छापणं सोपं, पाळणं अवघड. पार्लरमधल्या मुलींना जादा सर्व्हिस विकल्यावर इन्सेंटिव्ह मिळत असेल, तर त्या सुचवणारच. म्हणून त्या महिन्यापुरता इन्सेंटिव्ह सर्व्हिसच्या मूळ दरावर धरावा आणि दोनशेची तूट मालकाने सोसावी. रात्री नऊपर्यंत थांबणाऱ्या मुलीला ओव्हरटाइम आणि घरी जायला रिक्षाचे पैसे द्यावेत. नाहीतर एका बाईची सवलत दुसऱ्या बाईच्या पगारातून जाते.

केस रंगवण्याची ‘फक्त आजच’ अशी ऑफर मात्र देऊच नये. रंगाची ॲलर्जी पाहण्यासाठी पॅच टेस्ट साधारण ४८ तास आधी करावी लागते, आणि घाईत ती हमखास टाळली जाते.

मेसेज पाठवण्याआधी काउंटरवरच्या मुलीला तो वाचायला द्या. ‘पण मॅडम, यात ते धरलेलं नाही ना?’ असं तिने विचारलं, तर ती अट ठळक अक्षरात लिहा, किंवा काढूनच टाका.