३.४ सदाहरित मजकुराचा पुनर्वापर : नव्या प्रारंभाची रचना

ज्या मजकुरातील माहिती अनेक महिने उपयुक्त राहते त्यास सदाहरित मजकूर म्हणतात. समाजमाध्यमावर असा मजकूर काही महिन्यांनी पुन्हा देणे योग्यच असते. कारण पहिल्या वेळी तो सर्व वाचकांपर्यंत पोहोचलेला नसतो. मात्र तो जसाच्या तसा देऊ नये. पडद्यावर प्रथम दोन-तीन ओळीच दिसतात आणि उर्वरित मजकूर 'आणखी पाहा' या शब्दांमागे राहतो. त्या ओळी ओळखीच्या वाटल्या, की जुना वाचक पुढे सरकतो. नव्या वाचकाला तो मजकूर आजच का वाचावा, हे कळत नाही.

उदाहरण : नाशिकमधील एका वाचनालयाने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी कुसुमाग्रजांविषयी मजकूर दिला, असे समजा. त्याचा प्रारंभ असा : 'आज कुसुमाग्रजांची जयंती. हा दिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो.' पुढे त्यांचा जन्म (१९१२), 'विशाखा' (१९४२) आणि ज्ञानपीठ पुरस्कार (१९८७) यांची माहिती येते. मराठी राजभाषा दिन मात्र १ मे रोजी असतो, हे अगदी शेवटी सांगितले आहे.

हाच मजकूर ३० एप्रिल २०२५ रोजी द्यायचा आहे. नवा प्रारंभ असा करता येईल : 'उद्या १ मे, मराठी राजभाषा दिन. पण हे नाव अनेक फलकांवर २७ फेब्रुवारीलाच झळकते. या दोन दिवसांत फरक काय?'

येथे वाचकाच्या मनातील प्रश्न बदलला. म्हणून त्याचे उत्तर शेवटी ठेवून चालणार नाही. १ मे १९६० ची राज्यस्थापना आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम यांचा उल्लेख प्रारंभालगत आणावा. कुसुमाग्रजांचा परिचय त्यानंतर, संक्षेपाने द्यावा. केवळ पहिली ओळ बदलली आणि खालचा क्रम तसाच राहिला, तर प्रश्न एक व उत्तर दुसरेच, असा विसंवाद निर्माण होतो.

त्यानंतर मूळ मजकूर तपासावा. 'आज', 'यंदा' यांसारखे शब्द जुन्या दिवसाला बांधलेले असतात. मूळ मजकुरात 'अभिजात दर्जाची मागणी प्रलंबित आहे' असे वाक्य असल्यास ते आता चुकीचे ठरते. कारण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस तो दर्जा देण्याचा निर्णय घेतला. नव्या प्रारंभामुळे मजकूर ताजा भासतो. म्हणूनच त्यातील शिळी माहिती वाचकाची अधिक दिशाभूल करते.

प्रारंभ पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. तो दुसऱ्या एखाद्या विषयावरील मजकुराच्या वर ठेवून पाहा. तेथेही तो सहज बसला, तर तो पोकळ आहे. तसेच मजकुरातून नवा प्रश्न निघतच नसेल, तर पुनर्वापर न करता नवीन लेखन करावे.

स्वयं-अध्ययन : याच मजकुरासाठी १० मार्च या कुसुमाग्रजांच्या स्मृतिदिनास अनुरूप असा दोन वाक्यांचा प्रारंभ लिहा आणि त्यानुसार कोणता परिच्छेद वर आणाल, ते सकारण सांगा.