आधी मारा, मग काढा

झुरळाला मागे सरकता येत नाही असं नाही, पण कानाच्या नळीत त्याला वळता येत नाही, ही सगळ्या गोंधळाची सुरुवात. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. ती सरळ नसते, मध्ये थोडी वळते आणि आत जाताना अरुंद होते. शेवटी पडदा. झुरळाचं पिल्लू उबेला आणि अंधाराला भुलून शिरतं, पुढे जात राहतं आणि पडद्यापाशी अडतं. त्याच्या पायांवर बारीक काटे असतात. ते मागे ओढायला गेलं की नळीच्या कातडीत रुततात. मग ते धडपडतं, आणि ज्याच्या कानात हे चाललंय त्याला वाटतं, डोक्यातच कुणीतरी यंत्र सुरू केलंय.

हा आवाज मनाचा खेळ नाही. कीटकाचे पाय थेट पडद्यावर खरवडतात, त्यामुळे इवलासा जीव नगाऱ्याएवढा ऐकू येतो. वेदनेचंही तसंच. नळीचा बाहेरचा तिसरा भाग कूर्चेचा, तिथे कातडीखाली थोडी गादी असते. आतला दोन-तृतीयांश भाग मात्र हाडाचा, आणि त्यावर कागदासारखी पातळ कातडी ताणून बसवलेली. तिथे नखाचा नुसता स्पर्शही सहन होत नाही. काहींना तर कानात काही हललं की कोरडा खोकला येतो, कारण गळ्याकडे जाणाऱ्या एका मोठ्या नसेची फांदी इथल्या कातडीतही पोचलेली असते. रुग्ण खोकायला लागला की नातेवाईक पाणी पाजायला धावतात. त्याची गरज नसते.

कान-नाक-घशाच्या ओपीडीत मी परिचारिका होते, तिथे पावसाळ्यात असे रुग्ण नेहमीचे. झुरळ, पंख फुटलेली वाळवी, पतंग, गोचीड, कधी मुंगी. पण त्या ओपीडीत माझ्या जास्त लक्षात राहिले ते कीटक नव्हेत, तर कीटकाच्या मागोमाग आत गेलेल्या वस्तू : काडेपेटीची काडी, केसाची पिन, इअरबडचा तुटलेला कापूस. किड्याने केलेले ओरखडे आठवड्यात भरून येतात, पिनेने फाटलेला पडदा महिनोन् महिने त्रास देतो.

निवृत्तीनंतर मला हे सगळं फोनवरून सांगावं लागलं. भाची राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. जुलैतली रात्र, धो धो पाऊस, तालुक्याच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावर ओढ्याचं पाणी आलेलं. अकराच्या सुमारास तिचा फोन आला.

"मावशी, ह्यांच्या कानात काहीतरी शिरलंय. नुसते ओरडतायत. सासूबाई म्हणतायत लसूण तळून तेल घालूया."

"लसूण राहू दे. आधी तू मला सांग, त्यांचा हा कान कधी वाहायचा का? पडद्याला भोक आहे असं कुणी सांगितलंय? कानाचं ऑपरेशन झालंय? आता रक्त येतंय का?"

चारही प्रश्नांची उत्तरं नाही अशी आली. हे विचारल्याशिवाय मी कुणाला तेल सांगत नाही. पडद्याला भोक असेल तर घातलेलं तेल पलीकडे मधल्या कानात उतरतं आणि तिथे पू धरू शकतो. ज्याचा कान वाहतो, ज्याला ऑपरेशन करून पडद्यात नळी बसवलेली आहे, त्याने काहीही न घालता सरळ दवाखाना गाठायचा. पाचवा प्रश्नही असतो : आत गेलंय ते खरंच किडा आहे का? लहान मुलाने चवळी किंवा मणी घातला असेल, तर तिथे तेल-पाण्याचा काही उपयोग नाही, पाण्याने चवळी फुगून अजून घट्ट बसते. घड्याळातली चपटी बॅटरी असेल तर थेंबही घालू नये आणि रस्ता कसाही असला तरी लगेच निघावं. इथे आत काहीतरी वळवळत होतं, तेव्हा शंका नव्हती.

"टॉर्च लावून बघू का? उजेडाला बाहेर येईल."

पतंग असेल तर एखाद वेळी येतोही. झुरळ मात्र उजेडापासून पळतं, म्हणजे पडद्याकडे. टॉर्च नको म्हटलं. बोटही कानात घालू देऊ नकोस, म्हटलं. घाबरलेला माणूस बोटाने कान बंद करतो, त्याने किडा आणखी आत ढकलला जातो.

मग तेल. कोकणातल्या घरात खोबरेल असतंच. तिळाचं साधं तेल किंवा लहान बाळाला लावायचं तेलही चालतं. ते चुलीवर ठेवायचं नाही. वाटीत एक चमचा तेल घ्यायचं आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात दोन-तीन मिनिटं ठेवायची. थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहायचा. गरमही लागत नाही आणि गारही लागत नाही, असं हवं. कढत तेलाने ती पातळ कातडी पोळते, हे कुणालाही समजतं. पण गार तेलाने काय होतं हे ठाऊक नसतं : कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग थंडीने बिथरतो, माणूस गरगरतो आणि ओकायला लागतो. अंगाइतकं कोमट, एवढंच माप.

भाचीने नवऱ्याला कुशीवर निजवलं, किडा शिरलेला कान वर. कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. (लहान मुलांची नळी वेगळी असते, तिथे पाळी खाली आणि मागे ओढतात.) तेल एकदम ओतायचं नाही, नाहीतर किड्यापाशी हवेचा बुडबुडा अडकतो आणि तो त्यात जिवंत राहतो. नळीच्या भिंतीवरून थेंब थेंब सोडायचं, मधूनमधून पाळी हलवायची, म्हणजे हवा बाहेर येते. मोठ्या माणसाच्या नळीत साधारण एक मिलिलिटर तेल मावतं, म्हणजे वीसेक थेंब. तोंडाशी तेल दिसलं की थांबायचं.

"मावशी, जास्तच करायला लागलं ते! हे उठून बसतायत."

"धरून ठेव. पहिलं मिनिट असंच असतं."

हा क्षण रुग्णाला सांगून ठेवावा लागतो, नाहीतर तो तेल झटकून उठतो. किडे नाकाने श्वास घेत नाहीत. त्यांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात. पाणी त्यांच्या मेणचट अंगावरून घरंगळतं, म्हणून पाण्याने ते लवकर मरत नाहीत. तेल मात्र अंगाला चिकटतं आणि छिद्रं बंद करतं. गुदमरताना ते जिवाच्या आकांताने धडपडणारच. एक-दोन मिनिटांत वाडीतल्या त्या घरातली ओरड थांबली. फोनवर मला पावसाचा आवाज ऐकू यायला लागला. पुरी दहा मिनिटं तसंच पडून राहायला सांगितलं, मग टॉवेलवर कान खाली करून कूस बदलायला. तेल आलं, किडा आला नाही.

भाचीला वाटलं, उपाय फसला. फसला नव्हता. मेलेला किडा तेलाबरोबर घसरत बाहेर येतो, पण काटेरी पायांचं झुरळ बऱ्याचदा येत नाही. तेल हे किडा मारण्यासाठी असतं, काढण्यासाठी नाही. किडा मेला की दुखणं आणि आवाज बंद होतो, आणि रात्रभर थांबायला हरकत राहत नाही. "आता चिमटा, पिन काही नको. पिचकारीने पाणी मारू नकोस. झोपा," असं सांगून मी फोन ठेवला.

1985 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकी डॉक्टरांचं एक गमतीदार पत्र छापून आलं होतं. त्यांच्याकडे एका रुग्णाच्या दोन्ही कानांत एकेक झुरळ आलं. एका कानात त्यांनी नेहमीचं खनिज तेल घातलं, दुसऱ्यात भुलीचं औषध लिग्नोकेन फवारलं. तेलातलं झुरळ झगडून मेलं आणि ते काढायला बरीच कसरत करावी लागली. लिग्नोकेनचं झुरळ मात्र थेट कानाबाहेर उडी मारून जमिनीवरून पळत सुटलं. डॉक्टर मंडळींना हे औषध म्हणून आवडतं. पण ते घरी करायचं काम नाही : पडदा फाटलेला असला तर ते आत उतरून माणसाला तासन् तास गरगरवतं. त्या पत्रातून मी एक सवय घेतली. एका कानात किडा सापडला की दुसरा कानही बघायचा.

आता, आत खुपसल्याने काय होतं त्याचं पुस्तकात नोंदलेलं उदाहरण. नाईलचा उगम शोधायला निघालेला जॉन हॅनिंग स्पेक 1858 मध्ये टांगानिका सरोवरावर होता. रात्री दिव्यावर आलेल्या भुंग्यांपैकी एक त्याच्या कानात शिरला. तेल जवळ नव्हतं, म्हणून त्याने वितळलेलं लोणी घातलं. त्याने काही झालं नाही तेव्हा चाकूचं टोक घातलं. भुंगा मेला, पण कानही जखमी झाला. तोंड सुजलं, गळवं आली, चावणं अशक्य झालं, ऐकू येईना. सहा-सात महिन्यांनी कानातल्या मळाबरोबर भुंग्याचे तुकडे बाहेर पडले, आणि नाक शिंकरलं की कानातून शिट्टीसारखा आवाज येई. म्हणजे पडद्याला आरपार भोक पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर भाचीचा नवरा तालुक्याला गेला. तिथल्या डॉक्टरांनी कपाळावरच्या दिव्यात कान पाहिला, बारीक सक्शनने तेल ओढून घेतलं आणि निमुळत्या चिमट्याने झुरळ काढलं. पूर्ण आलं नाही, एक पाय मागे राहिला, तो पुन्हा जाऊन काढला. झुरळ तुटतंच, म्हणून शेवटी पडद्याकडे नीट पाहायचं असतं : आत काही उरलंय का, भोक पडलंय का. त्याचा पडदा शाबूत होता, नळीला थोडे ओरखडे. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून थेंब दिले, आठवडाभर कान कोरडा ठेवायला सांगितलं.

तरी दोन दिवस त्याला आत काहीतरी चालतंय असं वाटत राहिलं. ओरखडे भरताना हे होतंच, त्यासाठी पुन्हा तेल घालू नये.

गोचीड असेल तर मात्र तेलाची एवढी खात्री नाही. ती कातडीला, कधी पडद्यालाच, तोंड रोवून बसते आणि ओढली तर तोंडाचा भाग आत राहतो, तेव्हा ती डॉक्टरांनीच काढावी. कीटकनाशकाचा फवारा, रॉकेल, स्पिरिट कानात टाकलेली माणसंही मी पाहिली आहेत. त्यांचा किडा मेला, पण कातडीला झालेल्या जखमा बऱ्या व्हायला किड्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले.

तेलानंतरही वळवळ थांबली नाही, रक्त आलं, चक्कर येत राहिली, ऐकू कमी आलं किंवा मूल धरून ठेवता येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री निघा. बाकीच्यांनी किडा मेल्यावर गप्प बसू नये. मेलेला किडा आत कुजतो आणि कान पिकतो, म्हणून दुखणं थांबलं तरी चोवीस तासांत कान दाखवून घ्या.